शेंगाचटणीच्या व्हिडिओचं डिस्क्रिप्शन पुन्हा लिहिताना

सोलापुरातल्या बाळीवेस भागात घरी चटण्या करून विकणाऱ्या एका काकूंच्या यूट्यूब चॅनलचं हे काम. व्हिडिओ चांगला होता. सात मिनिटांच्या आत शेंगदाणे भाजण्यापासून खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटण्यापर्यंत सगळं नीट दाखवलेलं. अडचण होती ती त्याखालच्या डिस्क्रिप्शनमध्ये. त्यातला थोडा भाग असा होता:

```
शेंगा चटणी शेंगाचटणी सोलापुरी चटणी सोलापूर शेंगा चटणी
peanut chutney shengdana chutney idli chutney garlic chutney
जवस चटणी कारळं चटणी ठेचा सोलापुरी चादर गड्डा यात्रा
#सोलापुरी चटणी #शेंगा-चटणी #viral #trending #food #foodie
#solapur #pune #mumbai #marathi #sankranti #reels
```

खाली असंच आणखी बरंच. हे पाहिल्यावर बहुतेक जण म्हणतात, हॅशटॅग कमी करा. पण कमी करणं हा शेवटचा आणि सोपा भाग आहे. यातला कोणता शब्द कुणासाठी लिहिलाय, हा खरा प्रश्न. म्हणून आम्ही आधी काहीच पुसलं नाही. लोक ही चटणी शोधताना कोणते शब्द टाइप करतात, ते गोळा करायला बसलो.

यासाठी पैसे देऊन घ्यायची साधनं लागत नाहीत. ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची, म्हणजे आपल्याच जुन्या शोधांची सावली त्यात पडत नाही, आणि यूट्यूबच्या सर्चमध्ये शब्द अर्धवट टाइप करून थांबायचं. खाली जे पर्याय येतात ते लोक खरोखर शोधतात त्यांतून आलेले असतात. "शेंगा" लिहून थांबा, मग "शेंगा च", मग "शेंगदाणा", मग रोमनमध्ये "shenga", "shengdana". प्रत्येक वेळी आलेले पर्याय वहीत उतरवा. दुसरी जागा म्हणजे चॅनलचा स्वतःचा यूट्यूब स्टुडिओ. ॲनालिटिक्समध्ये `Traffic source` उघडून `YouTube search` वर गेलं की कोणते शब्द शोधून लोक याच चॅनलवर आले, ते दिसतं. जुन्या व्हिडिओंचेही शब्द पाहावेत. गूगल ट्रेंड्समध्ये वेब सर्चऐवजी यूट्यूब सर्च निवडून, प्रदेश महाराष्ट्र ठेवून दोन शब्दांची तुलना करता येते. पण "सोलापुरी शेंगा चटणी"सारख्या स्थानिक शब्दाला तिथं बहुधा आलेख काढण्याइतकी माहितीच मिळत नाही. "शेंगदाणा चटणी" की "शेंगा चटणी" एवढ्या मोठ्या फरकापुरतंच त्यावर विसंबावं.

शब्द गोळा झाल्यावर पहिली गाठ "शेंगा" या शब्दाशीच पडली. सोलापुरात शेंगा म्हटलं की भुईमुगाच्या शेंगा, यात कुणाला शंका नसते. पण राज्यात इतरत्र "शेंगा" ऐकून शेवग्याच्या शेंगा डोळ्यांपुढे येणारे पुष्कळ आहेत. काकूंना हे पटत नव्हतं. "आमच्याकडं शेंगाचटणीच म्हणतेत की. शेंगदाण्याची चटणी कोण म्हणतंय?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं, सोलापूरपुरतं. पुण्यात किंवा नाशकात बसून शोधणारी बाई मात्र "शेंगदाण्याची चटणी"च लिहिते. दोघींसाठी लिहायचं तर दोन्ही शब्द हवेत. पण शेजारी शेजारी ठोकळ्यासारखे मांडून नव्हे. "शेंगा चटणी" हे पदार्थाचं नाव म्हणून येऊ द्यायचं आणि "शेंगदाणे" साहित्यात येऊ द्यायचे. मग दोन्ही शब्द आपापलं काम करत बसतात आणि वाचणाऱ्याला खटकत नाहीत.

दुसरी गाठ जास्त महत्त्वाची, कारण तिथं नुकसान होतं. `peanut chutney` आणि `idli chutney` हे शब्द मोठे आहेत, जगभर शोधले जातात, म्हणून ते टाकले होते. पण हे शब्द शोधणाऱ्यांपैकी बहुतेकांना इडली-डोशाबरोबरची पातळ, फोडणी घातलेली चटणी हवी असते. आपला व्हिडिओ आहे कोरड्या, कुटलेल्या चटणीचा. समजा, त्या शब्दामुळे व्हिडिओ त्यांच्यासमोर गेलाच. पहिल्या अर्ध्या मिनिटात खलबत्ता दिसतो, पाणी कुठं दिसत नाही, आणि माणूस निघून जातो. स्टुडिओमध्ये सर्चच्या प्रत्येक शब्दासमोर लोकांनी सरासरी किती वेळ पाहिलं, हेही दाखवता येतं. एखाद्या शब्दावरून लोक येतायत पण सरासरी वेळ बाकीच्या शब्दांपेक्षा खूपच कमी आहे, असं दिसलं की समजावं, शब्द खरा आहे पण तो आपला नाही. चुकीचा शब्द नुसता वाया जात नाही, तो चुकीचा माणूस आणून बसवतो. आणि त्याचं लवकर उठून जाणं यूट्यूबला दिसतं.

म्हणून `peanut chutney` एकटा काढला. इंग्रजीत लिहायची वेळ आली तेव्हा `dry peanut garlic chutney` असं लिहिलं. "कोरडी" हा एक शब्द जोडला की चुकीचे लोक आपोआप गळतात.

जवस चटणी, कारळं चटणी आणि ठेचा यांचा प्रश्नच नव्हता. काकू ते सगळं करतात, विकतात, पण या व्हिडिओत त्यातलं काही नाही. व्हिडिओत नसलेल्या गोष्टींची नावं डिस्क्रिप्शनमध्ये घालणं यूट्यूबच्या नियमांत दिशाभूल करणारं धरलं जातं. सोलापुरी चादर आणि गड्डा यात्रा तर चटणीला कुठूनच चिकटत नाहीत. गावाचं नाव निघालं की गावातलं सगळं प्रसिद्ध आणून ओतायचं, ही सवय फार पसरली आहे. चादर शोधणाऱ्याला चटणी दाखवून त्याच्या हाती काही लागत नाही आणि आपल्याही हाती लागत नाही. दुसऱ्या नामांकित चटणीवाल्यांची नावं घालण्याचा मोहही काहींना होतो. तो तर कधीच करू नये.

कडक भाकरी मात्र ठेवली. कारण व्हिडिओच्या शेवटी चटणी कडक भाकरीवर तेल घालून खाताना दाखवली आहे. कसोटी एवढीच: तो शब्द शोधून आलेल्या माणसाला व्हिडिओत बोट ठेवून दाखवता येईल का, हे बघ, इथं आहे? येत असेल तर शब्द राहतो.

आता मराठीपुरती असलेली, आणि इंग्रजी मार्गदर्शनात कधीच न सापडणारी एक अडचण. आपले शब्द वाक्यात शिरले की रूप बदलतात. शेंगदाणा, पण शेंगदाण्याची चटणी. लसूण, पण लसणाच्या पाकळ्या. सोलापूर, पण सोलापुरात, सोलापूरच्या. शोधणारा बहुतेक वेळा मूळ रूपच टाइप करतो: "शेंगदाणा चटणी", "लसूण चटणी". यूट्यूब मराठीची ही सगळी रूपं ओळखून एकत्र आणेल, या भरवशावर राहू नये. मग वाक्यांत मूळ रूप कोंबायचं का? "सोलापूर शेंगदाणा लसूण चटणी ही सोलापूर शेंगदाणा लसूण चटणी आहे" अशी वाक्यं त्यातूनच जन्मतात आणि ती वाचताना दाताखाली खडा येतो. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे साहित्याची यादी. यादीत शब्द मूळ रूपातच येतो: शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे. तिथं तो नैसर्गिक असतो, कुणाला कीवर्ड वाटतच नाही आणि वाचणाऱ्याच्या उपयोगाचा असतो. पाककृतीच्या व्हिडिओत साहित्य लिहिलेलंच नसणं ही फार मोठी सोय सोडून देणं आहे. काकूंच्या जुन्या डिस्क्रिप्शनमध्ये शब्दांचा एवढा ढीग होता आणि लसूण किती घ्यायचा, ते कुठंच नव्हतं.

अशीच दुसरी जागा म्हणजे वेळेचे टप्पे. डिस्क्रिप्शनमध्ये 0:00 पासून सुरू करून, चढत्या क्रमानं किमान तीन वेळा लिहिल्या आणि प्रत्येक टप्पा किमान 10 सेकंदांचा ठेवला की यूट्यूब त्यांचे चॅप्टर करतं. आकडे इंग्रजीतच टाइप करावेत आणि पहिला 0:00 विसरू नये. तो राहिला की सगळी यादी नुसता मजकूर बनून पडून राहते. टप्प्याचं नाव म्हणजे एक छोटा कीवर्डच असतो, फक्त तो काम करणारा असतो. "भाग 1", "भाग 2" लिहिण्याऐवजी "शेंगदाणे भाजणे", "मिक्सरमध्ये शेंगा चटणी" असं लिहिलं की ज्याच्याकडे खलबत्ता नाही तो थेट मिक्सरवर उडी मारतो. "मिक्सरमध्ये शेंगा चटणी" हा शब्दसमूह आमच्या वहीत सर्चच्या पर्यायांतूनच आलेला होता. त्याला डिस्क्रिप्शनमध्ये याहून चांगली जागा सापडली नसती.

सुरुवातीच्या दोन ओळींवर सगळ्यात जास्त वेळ गेला. पूर्ण डिस्क्रिप्शन 5000 अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण उघडण्याआधी दिसतो तो सुरुवातीचा तुकडाच आणि सर्चच्या निकालातही त्यातलाच एखादा अंश डोकावतो. जुन्या डिस्क्रिप्शनमध्ये या जागेवर "नमस्कार मंडळी, आपलं स्वागत आहे, लाइक करा, शेअर करा" होतं. व्हिडिओत बोललेलंच परत. तिथं आम्हाला एक वाक्य हवं होतं, ज्यात पदार्थाचं नाव, तो कोरडा आहे ही खूण आणि तो कसा होतो, हे तिन्ही येईल. पहिला प्रयत्न असा झाला: "सोलापूरची प्रसिद्ध शेंगदाणा लसूण सोलापुरी शेंगा चटणी घरच्या घरी झटपट". वाचून पाहिलं आणि टाकून दिलं. यात क्रियापदच नाही. क्रियापद नसलेलं वाक्य हे कीवर्ड भरल्याचं सगळ्यात ठळक लक्षण. शब्दांची रांग लागते पण कुणी काही करत नाही. शिवाय "प्रसिद्ध" आणि "झटपट" काढले तर काही बिघडत नव्हतं. कुटून केलेली चटणी झटपट होतही नाही.

एकेक शब्द झाकून पाहायची पद्धत इथं उपयोगी पडते. शब्दावर बोट ठेवायचं, उरलेलं वाक्य वाचायचं आणि विचारायचं: माहिती कमी झाली का? झाली, तर शब्द राहतो. नाही झाली, तर तो फक्त सर्चसाठी ठेवलेला आहे. सर्चसाठी ठेवलेल्या शब्दाला डिस्क्रिप्शनमध्ये एखादी खरी जागा शोधून द्यायची, नाहीतर तो काढायचा. "कोरडी" झाकला तर माहिती जाते. "तेल सुटेपर्यंत" झाकलं तर चटणीची जी खूण आहे तीच जाते. "सोलापुरी" एकदा हवा, दुसऱ्यांदा तो झाकला तर काहीच जात नाही. शेवटी असं ठरलं:

```
सोलापुरी शेंगा चटणी: भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि लाल तिखट
खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटून केलेली कोरडी चटणी.
मिक्सरमध्ये करताना ती चिकट का होते, तेही दाखवलं आहे.

साहित्य
शेंगदाणे - पाव किलो
लसूण - 15 पाकळ्या
लाल तिखट - 3 चमचे
जिरे - 1 चमचा
मीठ - चवीनुसार

0:00 तयार चटणी कशी दिसते
0:35 शेंगदाणे भाजणे आणि सालं काढणे
2:10 लसूण, जिरे, तिखट कुटणे
3:20 तेल सुटेपर्यंत कुटणे
5:05 मिक्सरमध्ये शेंगा चटणी
6:15 कडक भाकरीबरोबर

#शेंगाचटणी #SolapuriShengaChutney #सोलापुरीपदार्थ
```

तिसरी ओळ पाहा. मिक्सर सलग फिरवला की पातं आणि भांडं तापतं, शेंगदाण्यांचं तेल एकदम सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. थांबून थांबून, एकेक झटका देत फिरवावं लागतं. हे व्हिडिओत काकू नीट सांगतात. "चटणी चिकट का होते" हा प्रश्न लोकांनी त्यांना आधीच्या व्हिडिओखाली अनेकदा विचारलेला होता. लोकांनी विचारलेला प्रश्न त्यांच्याच शब्दांत डिस्क्रिप्शनमध्ये आला, तर ते सगळ्यात प्रामाणिक कीवर्ड असतात.

हॅशटॅगकडे आम्ही सगळ्यात शेवटी वळलो. जुन्या यादीतले अर्धे हॅशटॅग मुळात हॅशटॅग नव्हतेच. `#सोलापुरी चटणी` यात मध्ये जागा आहे, म्हणून हॅशटॅग `#सोलापुरी` एवढाच बनतो आणि "चटणी" बाहेर लटकत राहते. `#शेंगा-चटणी` मध्ये जोडरेघ आहे, तीही टाळायची. दोन शब्द जोडूनच लिहावे लागतात. देवनागरीत ते फारसं खटकत नाही, रोमनमध्ये प्रत्येक नवा शब्द मोठ्या अक्षरानं सुरू करावा. `#solapurishengachutney` वाचताना डोळा अडखळतो, `#SolapuriShengaChutney` वाचता येतं. सेव्ह केल्यावर प्रत्येक हॅशटॅग स्वतः दाबून पाहावा. पूर्ण शब्द निळा झालाय का आणि दाबल्यावर कुठल्या पानावर नेतो, हे पाहायला अर्धं मिनिट लागतं.

वाक्याच्या मध्ये हॅशटॅग घालण्याची पद्धत इंग्रजीतून आली आहे. मराठीत ती चालत नाही आणि कारण तेच, विभक्तीचं. "आज करूया #सोलापूरच्या शेंगांची चटणी" असं लिहिलं की हॅशटॅग होतो `#सोलापूरच्या`. हा शब्द कोण शोधणार? प्रत्यय शब्दाला चिकटूनच येणार, म्हणून मराठीत हॅशटॅगची जागा शेवटची ओळ. मजकूर संपल्यावर, एक ओळ सोडून.

किती असावेत, याचंही ठरलेलं गणित आहे. 60 पेक्षा जास्त झाले तर यूट्यूब त्या व्हिडिओवरचा एकूण एक हॅशटॅग दुर्लक्षित करतं. तिथपर्यंत जायचीच गरज नाही. डिस्क्रिप्शनमधले जास्तीत जास्त तीन हॅशटॅग शीर्षकाजवळ दाखवले जातात. म्हणजे तीनच लिहिले तर शीर्षकाजवळ काय दिसेल ते आपल्या हातात राहतं. पंधरा लिहिले तर त्यातले कुठले वर येतील, ते आपण ठरवत नाही. चटणीच्या शीर्षकाला चिकटून `#viral` दिसणं हे त्या व्हिडिओवर अन्यायच आहे.

तीन निवडताना आम्ही तीन वेगळी कामं वाटून दिली. एक पदार्थाचं नाव देवनागरीत, एक तेच नाव गावासकट रोमनमध्ये, आणि एक थोडा रुंद, ज्यात काकूंचे पुढचे व्हिडिओही बसतील. निवडण्याआधी त्या त्या हॅशटॅगचं पान उघडून पाहिलं. पानावर आपल्याच जातीचे व्हिडिओ असतील तर ती जागा आपली. पान रिकामं असेल तरी हरकत नाही, आपले चार-पाच व्हिडिओ तिथं एकत्र दिसतील. पण पानावर गाणी, क्रिकेट आणि वाढदिवसाचे स्टेटस एकत्र नांदत असतील, `#trending` वर असतात तसे, तर तिथं चटणी शोधायला कुणी आलेलं नाही. `#solapur` ही मोह पाडणारी जागा. पण तिथं बातम्या, सभा, पाऊस, बस स्थानक, सगळंच असतं. गाव हे पदार्थाचं विशेषण म्हणून आलं तर उपयोगाचं, एकटं आलं तर गर्दीत हरवतं. `#sankranti` जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत कुणीतरी टाकला होता आणि तो तसाच राहून गेला होता.

हॅशटॅगकडून किती अपेक्षा ठेवायची, हेही मोजून पाहता येतं. स्टुडिओत लोक कुठून आले त्या यादीत `Hashtag pages` अशी वेगळी ओळ असते. ती उघडून पाहिली की हॅशटॅगमुळे नक्की किती जण आले, ते समोर येतं. छोट्या चॅनलला ही ओळ सर्चच्या ओळीपुढे फार बारीक दिसली तर नवल नाही. म्हणून वेळ वाटायचा तर बहुतेक वेळ शीर्षक, पहिल्या दोन ओळी, साहित्य आणि चॅप्टर यांना द्यावा. हॅशटॅगला दहा मिनिटं पुरतात.

उरले चुकीच्या स्पेलिंगचे शब्द. लोक "सोलापुर" ऱ्हस्व लिहितात, जुन्या सवयीनं `sholapuri` लिहितात, `chatni`, `chatani`, `shengachi chutney` असं काहीही लिहितात. हे शब्द डिस्क्रिप्शनमध्ये लिहिले की ते लगेच कीवर्डचा कचरा दिसतात, शिवाय आपलंच शुद्धलेखन वाईट असल्यासारखं वाटतं. त्यांच्यासाठी टॅगचा रकाना आहे. स्टुडिओत व्हिडिओच्या तपशिलात खाली "आणखी दाखवा" दाबलं की तो सापडतो, तिथं एकूण 500 अक्षरं मावतात आणि पाहणाऱ्याला ते व्हिडिओखाली दिसत नाहीत. यूट्यूब स्वतःच सांगतं की शोधात टॅगचा वाटा फार थोडा असतो आणि ते मुख्यतः स्पेलिंग चुकतं अशा शब्दांसाठी कामाचे. मग त्यांना तेवढंच काम द्यावं. आम्ही सहा-सात चुकीची रूपं लिहून थांबलो. हाच टॅगचा गठ्ठा उचलून डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवणं मात्र स्पॅमच्या धोरणाविरुद्ध जातं आणि त्यासाठी व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो. पुष्कळ जण हेच करतात, कारण टॅग दिसत नाहीत म्हणून ते वाया गेल्यासारखे वाटतात.

हिंदी आणि इंग्रजी शोधणाऱ्यांचं काय, हा प्रश्न काकूंच्या मुलानं विचारला. त्यांच्या चटणीची पार्सलं हैदराबादला आणि बंगळुरूला जातात, तिकडच्या लोकांना मराठी डिस्क्रिप्शन कसं सापडणार? जुन्या डिस्क्रिप्शनमध्ये तीन भाषांची खिचडी झाली होती ती याच काळजीपोटी. यावर यूट्यूबमध्येच सोय आहे. व्हिडिओच्या तपशिलात शीर्षक आणि डिस्क्रिप्शनची भाषा मराठी म्हणून ठरवायची, मग भाषांच्या विभागात जाऊन हिंदी आणि इंग्रजी शीर्षक-डिस्क्रिप्शन वेगळं भरायचं. ज्याचं यूट्यूब हिंदीत आहे, त्याला हिंदी दिसतं. हिंदीत "मूंगफली और लहसुन की सूखी चटनी" असं लिहिलं, इथंही "सूखी" विसरलो नाही. मूळ मराठी डिस्क्रिप्शन त्यामुळे मोकळं राहिलं. रोमन अक्षरं फक्त शीर्षकात एकदा आणि एका हॅशटॅगमध्ये ठेवली, कारण मराठी माणूसही फोनवर `shenga chutney` असंच टाइप करतो. शीर्षक झालं "सोलापुरी शेंगा चटणी, खलबत्त्यात कुटलेली | Solapuri Shenga Chutney". मर्यादा 100 अक्षरांची आहे, पण फोनवर त्याच्या आधीच शीर्षक कापलं जातं, म्हणून मराठी नाव पुढे.

सेव्ह करण्याआधी काकूंना डिस्क्रिप्शन मोठ्यानं वाचायला सांगितलं. ही तपासणी आम्ही कधीच सोडत नाही. जो माणूस तो पदार्थ करतो तो जिथं अडखळतो, तिथं काहीतरी खोटं असतं. त्या एकाच जागी थांबल्या. आधी तिथं "शेंगदाणे रोस्ट करणे" लिहिलं होतं. "भाजणे लिहा की," त्या म्हणाल्या. "रोस्ट" सर्चच्या पर्यायांतही कुठं नव्हता, तो आमच्याच सवयीनं घुसला होता.

बदल एका दिवशी केले आणि तारीख लिहून ठेवली. शीर्षक, डिस्क्रिप्शन आणि हॅशटॅग एकत्र बदलले की कशामुळे काय झालं ते वेगळं काढता येत नाही, हे खरं. पण पहिलं डिस्क्रिप्शन इतकं बिघडलेलं होतं की तुकड्यातुकड्यानं दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. थंबनेलला मात्र मुद्दाम हात लावला नाही. स्टुडिओ मुळात 28 दिवसांचे आकडे दाखवतो, म्हणून त्या तारखेआधीचे 28 दिवस आणि नंतरचे 28 दिवस अशी तुलना ठेवायची. पाहायचं ते दोनच ठिकाणी: सर्चमधून येणारे शब्द बदलले का, आणि त्या शब्दांवरचा सरासरी पाहण्याचा वेळ. एकूण व्ह्यूज वाढले की कमी झाले, हे पहिल्या महिन्यात बघून घाबरू नये. इडलीच्या चटणीसाठी येणारे थांबले तर एकूण आकडा थोडा उतरूही शकतो. मधल्या काळात दर दोन दिवसांनी डिस्क्रिप्शन उघडून एखादा हॅशटॅग इकडे, एक तिकडे करत बसलं, तर तुलना करायला काही उरत नाही.

एक गोष्ट अगदी शेवटी लक्षात आली, खरं तर ती आधी पाहायला हवी होती. हा सगळा ढीग आला कुठून? स्टुडिओच्या सेटिंगमध्ये अपलोडसाठी आधीच भरून ठेवायचा मजकूर असतो, तिथं तो कुणीतरी एकदा चिकटवून ठेवला होता. प्रत्येक नव्या व्हिडिओखाली तोच गठ्ठा आपोआप उतरत होता. जवसाच्या चटणीखाली शेंगाचटणीचे हॅशटॅग, ठेच्याखाली संक्रांत. तो रकाना रिकामा केला आणि ऑर्डर कशी द्यायची एवढी एक ओळ त्यात ठेवली. हॅशटॅग तिथं एकही ठेवला नाही. आता नवा व्हिडिओ चढवताना काकूंचा मुलगा आधी साहित्य आणि मापं लिहितो, मग टप्पे, मग वरच्या दोन ओळी. हॅशटॅग तो सगळ्यात शेवटी, दाबून पाहून घालतो.